लॅपटॉपची बॅटरी आणि कीबोर्ड बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचा लॅपटॉप चार-आठ वर्षांचा झाला आहे, किंवा जे जुना लॅपटॉप घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरण म्हणून एकच मशीन धरले आहे: लेनोव्होचा २०१८ सालचा थिंकपॅड टी४८०. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले हे लॅपटॉप आपल्याकडे जुन्या बाजारात भरपूर मिळतात. त्यातला आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो, त्यामुळे त्याच्यावर खर्च करावा की नाही हा प्रश्न अजून खरा आहे. तुमचे मशीन दुसरे असले तरी तपासायची रीत हीच.

लॅपटॉप दुरुस्तीला सोपा आहे की अवघड, हे एका गोष्टीवरून ओळखायचे तर कोणत्या?

कीबोर्डवरून. बहुतेक जण आधी बॅटरीबद्दल विचारतात, पण आजच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये बॅटरी खालचे झाकण काढले की समोरच असते, चार-सहा स्क्रूंनी बसवलेली. ती बदलणे फारसे कठीण नसते. कीबोर्डचे तसे नाही. काही मशीनमध्ये तो स्क्रूंनी बसवलेला असतो आणि एकटाच निघतो. अनेक स्वस्त आणि पातळ मशीनमध्ये तो हात टेकवायच्या पॅनलला, म्हणजे दुरुस्तीवाले ज्याला सी पॅनल म्हणतात त्याला, प्लास्टिकच्या डझनावारी खुंट्या वितळवून कायमचा चिकटवलेला असतो. या खुंट्यांना रिव्हेट म्हणतात. अशा मशीनमध्ये कीबोर्डपर्यंत पोचायला बॅटरी, पंखा, मदरबोर्ड, असे सगळे बाहेर काढावे लागते, कारण कीबोर्ड या सगळ्यांच्या तळाशी असतो.

ज्या कंपनीने कीबोर्ड वेगळा निघेल असा आराखडा केला, तिने बाकीच्या भागांचाही विचार केलेला असतो, असा माझा अनुभव आहे. उलटे मात्र नेहमी खरे नसते. बॅटरी सहज निघते म्हणून बाकीचे सोपे असेल, असे धरून चालू नका.

हे विकत घेण्याआधी, मशीन न उघडता कसे कळेल?

कंपनीचे दुरुस्तीचे मॅन्युअल उघडा. लेनोव्हो, डेल आणि एचपी या तिघांची अशी मॅन्युअल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. मॉडेलचे पूर्ण नाव आणि `Hardware Maintenance Manual`, `Service Manual` किंवा `Maintenance and Service Guide` असे शोधले की पीडीएफ सापडते.

सगळे वाचायची गरज नाही. सुट्या भागांची यादी आणि अनुक्रमणिका एवढेच पाहा. यादीत `Keyboard` असा स्वतंत्र भाग असेल आणि तो काढायची वेगळी कृती दिली असेल, तर कीबोर्ड एकटा बदलता येतो. त्याऐवजी `Top cover with keyboard` किंवा `Palm-rest and keyboard assembly` असे लिहिले असेल, तर कंपनी स्वतःही कीबोर्ड एकटा बदलत नाही, पूर्ण पॅनलच बदलते. तुमचे बिल त्याच हिशेबाने येणार. मग कीबोर्डच्या कृतीच्या सुरुवातीला पाहा, 'त्याआधी हे भाग काढा' अशी यादी असते. त्यात `System board`, म्हणजे मदरबोर्ड, आले, तर ते काम घरच्या टेबलावर करायचे नाही.

अ‍ॅपलच्या मॅकबुकमध्ये कीबोर्ड वरच्या धातूच्या आवरणाला जखडलेला असतो आणि अनेक मॉडेलमध्ये बॅटरीही त्याच आवरणाला चिकटवलेली असते. त्यामुळे तिथे एक भाग खराब झाला की अख्खे आवरण बदलायची वेळ येते.

बॅटरी खरोखर संपली आहे, की दुसरेच काही आहे?

अंदाजावर जाऊ नका, मशीनलाच विचारा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा द्या:

```
powercfg /batteryreport
```

एक एचटीएमएल फाइल तयार होते आणि ती कुठे साठवली तेही पडद्यावर दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडा आणि दोन आकडे पाहा: `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असतानाची क्षमता, `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज ती पूर्ण भरली की किती भरते.

टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात: एक आत, एक मागून खटक्याने निघणारी. दोन्हींचे आकडे वेगळे दिसतात, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. समजा दोन्हींची मूळ क्षमता २४ वॉट-तास आहे. आतली आज १९.२ भरते, म्हणजे ८० टक्के शिल्लक. मागची ९.६ भरते, म्हणजे फक्त ४० टक्के. हे मशीन आधी मागची बॅटरी वापरते आणि ती उतरली की आतली, त्यामुळे मागची आधी झिजणे साहजिक आहे. मिळून उरले २८.८ वॉट-तास. साधे टायपिंग, ब्राउझर, मध्यम उजेड अशा वापरात लॅपटॉप सरासरी ८ वॉट घेतो असे धरले, तर साडेतीन तासांच्या आसपास चालेल.

आता मागची बॅटरी काढून ४८ वॉट-तासांची मोठी बॅटरी लावली, तर बेरीज ६७.२ होते आणि वेळ आठ तासांच्या पुढे जाते. एकही स्क्रू न उघडता. मोठी बॅटरी खालून थोडी बाहेर येते आणि मशीन मागून किंचित उंच होते, एवढाच फरक. ७२ वॉट-तासांचीही येते, पण वजन वाढते आणि रोज पाठीवर वाहायचे असेल तर ४८ ची पुरते. आतली ८० टक्क्यांवर असताना ती बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आतली साठच्या खाली गेली किंवा फुगली, की मग झाकण उघडा.

आकडे ठीक असूनही लॅपटॉप ३० टक्क्यांवरून अचानक बंद पडत असेल, तर एखादा सेल खचलेला असतो. तेव्हा टक्क्यांकडे पाहू नका, ती बॅटरी गेलीच.

टी४८० ची आतली बॅटरी कशी बदलायची?

आधी चार्जर काढा. मशीन सुरू करताना `F1` दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये जा. तिथे `Config`, मग `Power`, आणि त्यात `Disable Built-in Battery`. हे निवडले की मशीन बंद होते आणि आतल्या बॅटरीचा पुरवठा तुटतो. पुन्हा चार्जर लावेपर्यंत तो तुटलेलाच राहतो. ही पायरी गाळून झाकण उघडणारे खूप आहेत, आणि स्क्रूड्रायव्हर भलत्या ठिकाणी टेकला की मदरबोर्ड जातो. थिंकपॅड सोडून इतर मशीनमध्ये ही सोय नसेल, तर झाकण काढल्याबरोबर पहिले काम म्हणजे बॅटरीची जोडणी सोडवणे.

मग मागची बॅटरी काढा. खालच्या झाकणाचे स्क्रू सैल करा. ते झाकणातच अडकून राहतील असे केलेले आहेत, त्यामुळे हरवत नाहीत. झाकण कडेने खटक्यांत बसलेले असते. प्लास्टिकची पातळ पट्टी, अगदी जुने एटीएम कार्डही चालेल, मागच्या बॅटरीच्या खाचेच्या बाजूने आत घालून खटके एकेक करून सोडवा. धातूचे काही वापरू नका. आतली बॅटरी स्क्रूंनी बसवलेली आहे, गोंद नाही. स्क्रू काढा, जोडणी सोडवा, बॅटरी उचला, नवी तशीच बसवा. फिलिप्स डोक्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर असला आणि घाई नसली, तर अर्धा-पाऊण तास पुरतो.

गोंदाने चिकटवलेल्या बॅटरीत मात्र ती उचकटताना वाकते, आणि वाकलेली लिथियम बॅटरी पेटू शकते. तिथे चिकटपट्टीचे टोक हळूहळू ओढून काढायची पद्धत असते. तुटले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून वाट पाहावी लागते. हात बसलेला नसेल तर हे काम दुकानातच द्या.

बॅटरी फुगली आहे हे कसे ओळखायचे? नवी मिळेपर्यंत वापरली तर चालेल का?

टचपॅड दाबला जात नाही किंवा वर आल्यासारखा वाटतो, झाकण एका बाजूने फाकते, मशीन सपाट टेबलावर डुगडुगते. यातले काहीही दिसले तर वापर तिथेच थांबवा. चार्जर लावू नका, टोचू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. बॅटरी काढता येत असेल तर काढून कोरड्या, न पेटणाऱ्या पृष्ठभागावर ठेवा.

बाजारातली 'ओरिजिनल' बॅटरी खरी आहे का?

टी४८० च्या आतल्या बॅटरीवर `01AV489` असा क्रमांक असतो. लेनोव्हो याला एफआरयू क्रमांक म्हणते. `01AV419`, `01AV420` आणि `01AV421` याही त्याच जागी बसतात. सेल पुरवणारी कंपनी वेगळी असते म्हणून क्रमांक वेगळा. टी४७० मध्येही हीच बॅटरी चालते. म्हणजे दुकानदाराकडे नेमका तुमचा क्रमांक नसला तरी अडत नाही, पण पर्यायी क्रमांक कोणते हे तुम्हाला आधी माहीत हवे.

नकली ओळखायचा पहिला उपाय म्हणजे गुणाकार. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. या बॅटरीवर ११.४ व्होल्ट आणि सुमारे २.१ अँपिअर-तास लिहिलेले असते, म्हणजे २४ वॉट-तास. कोणी याच आकाराची बॅटरी ५००० एमएएचची म्हणून विकत असेल, तर ते ५७ वॉट-तास होतात. तेवढ्या जागेत एवढे सेल मावतच नाहीत. लेबल खोटे आहे.

दुसरी गोष्ट थिंकपॅडपुरती. २०१२ च्या पिढीपासून ही मशीन बॅटरीतली चिप तपासतात. चिप मान्य झाली नाही, तर सुरू होतानाच सूचना येते आणि बॅटरी चार्ज होत नाही. म्हणून परत घेण्याची अट लेखी असल्याशिवाय पर्यायी बॅटरी घेऊ नका.

आणि तिसरी, जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते: तारीख. बॅटरी न वापरताही म्हातारी होते. गोदामात पाच-सहा वर्षे पडून असलेली, पूर्ण उतरून गेलेली अस्सल बॅटरी ही चांगल्या कंपनीच्या नव्या पर्यायी बॅटरीपेक्षा वाईट निघू शकते. पाकिटावरचे सील पाहून खूश होऊ नका, बॅटरीवरची उत्पादनाची तारीख वाचा. बसवल्यावर वरचा रिपोर्ट पुन्हा काढा. पण नकली चिप आकडेही खोटे सांगते, म्हणून पूर्ण चार्ज करून एखादा मोठा व्हिडिओ लावून ठेवा आणि किती वेळ चालते ते घड्याळावर पाहा. परत करायची मुदत संपायच्या आत.

वापरलेली बॅटरी मात्र कधीच घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

कीबोर्डची काही बटणे चालत नाहीत. कीबोर्डच बदलायला हवा का?

आधी बायोसमध्ये जाऊन तिथे बाणाची बटणे, अंक, एंटर चालतात का पाहा. तिथे चालत असतील तर दोष विंडोजमध्ये आहे, कीबोर्डमध्ये नाही. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावूनही हीच खात्री करता येते.

एकच बटण अडत असेल तर बहुधा खाली कचरा असतो किंवा त्याची कात्री, म्हणजे बटणाखालची प्लास्टिकची घडी, निसटलेली असते. ती बदलता येते. ओळीने किंवा विखुरलेली बरीच बटणे एकदम गेली असतील, तर कीबोर्डच्या आतल्या पातळ प्लास्टिकच्या पडद्यावरची वीज वाहणारी रेष तुटलेली असते. पाणी किंवा चहा सांडल्यावर असे होते, आणि कधी कधी दोन आठवड्यांनी होते, कारण ओलावा गेला तरी साखर मागे राहते आणि रेषा खात बसते. अशा वेळी कीबोर्डच बदलायचा. एखादे बटण आपोआप दाबल्यासारखे वागत असेल तरी तेच.

टी४८० मध्ये तो कसा निघतो?

बॅटरीसाठी केली तीच तयारी: बायोसमधून आतला पुरवठा बंद, मागची बॅटरी बाहेर, खालचे झाकण बाजूला. कीबोर्ड धरून ठेवणारे दोन स्क्रू खालच्या बाजूने आहेत, ते सैल करा. मग मशीन सरळ करा. बटणांभोवती एक पातळ काळी चौकट आहे. ती थोडी सरकवली की सुटते, आणि तिच्याखाली उरलेले स्क्रू दिसतात. ते काढून कीबोर्ड सरकवून उचला, पण झटक्याने ओढू नका. खाली रिबन केबल असतात.

सगळ्यात जास्त नुकसान याच केबलपाशी होते. त्या ज्या जोडणीत बसतात तिला बारीक पापणीसारखी पट्टी असते. ती नखाने वर केली की केबल आपोआप सैल होते. पट्टी न उचलता केबल ओढली तर जोडणी मदरबोर्डवरून उखडते, आणि मग कीबोर्डच्या किमतीचे काम मदरबोर्डच्या किमतीवर जाते. नवा कीबोर्ड बसवताना केबल पूर्ण आत गेली आहे ना, तिरकी नाही ना, हे पाहून पट्टी बंद करा, आणि सगळे स्क्रू लावण्याआधी मशीन सुरू करून प्रत्येक बटण दाबून पाहा. मदरबोर्डला हात लावावा लागत नाही, हे या मशीनचे मोठे सुख आहे.

युरोपातून आलेल्या जुन्या लॅपटॉपवर जर्मन कीबोर्ड आहे. आपल्याकडचा बसेल?

टी४८० मध्ये बसेल. त्याच्या चौकटीला सगळ्या बटणांसाठी मिळून एकच मोठी खिडकी आहे, त्यामुळे एंटर आडवा असो की उभा, फरक पडत नाही. मात्र ज्या मशीनच्या सी पॅनलला प्रत्येक बटणासाठी वेगळे भोक आहे, तिथे रचना जुळली नाही तर कीबोर्ड बसणारच नाही. खरेदीआधी आपल्या मशीनकडे या नजरेने एकदा पाहा. कीबोर्डखाली दिवे आहेत की नाहीत हेही विक्रेत्याला सांगा, कारण दोन्ही प्रकारांचे क्रमांक वेगळे असतात.

माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड रिव्हेटवाला आहे. दुकानदार म्हणतो, फक्त कीबोर्ड बदलून देतो. द्यावा का?

होते असे. खुंट्या तोडतात, नवा कीबोर्ड ठेवतात आणि तुटलेल्या खुंट्या सोल्डरिंगच्या गरम टोकाने पुन्हा वितळवतात किंवा गोंद लावतात. काम मन लावून केले तर वर्षानुवर्षे टिकते. पण विचारा, किती खुंट्या परत बसवणार? चार कोपरे आणि मध्ये दोन, एवढ्यावर भागवले तर टाइप करताना कीबोर्ड मधोमध दबतो, आणि काही दिवसांनी बटणे पडद्याशी नीट टेकत नाहीत. मशीन ताब्यात घेताना मधल्या बटणांवर बोट टेकवून पाहा. खचत असेल तर तिथेच परत द्या.

कीबोर्डसकट पूर्ण सी पॅनल मिळत असेल आणि किमतीत फार फरक नसेल, तर पॅनलच घ्या. काम जास्त पक्के होते.

सुटे भाग कुठे मिळतात?

आधी कंपनीचे अधिकृत केंद्र, निदान भाव कळण्यासाठी तरी. नंतर मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड. कंपन्यांमधून एकगठ्ठा निघालेले लॅपटॉप उघडून त्यांचे भाग विकणाऱ्यांचा मोठा व्यवसाय आहे. म्हणूनच थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक यांचे भाग अनेक वर्षे मिळत राहतात, आणि घरगुती मालिकांमधल्या, दर वर्षी आराखडा बदलणाऱ्या मॉडेलचे भाग मात्र लवकर दुर्मीळ होतात. काढलेला पण चांगला कीबोर्ड घेण्यात वावगे काही नाही, फक्त समोर तपासून घ्या.

जाताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका. भागावरचा क्रमांक फोटो काढून न्या: लेनोव्होवर एफआरयू, डेलवर `DP/N` नंतरची अक्षरे, एचपीवर स्पेअर पार्ट क्रमांक. लहान गावात बॅटरी ऑनलाइन मागवली तर उशीर धरून चाला, लिथियम बॅटरी अनेकदा विमानाऐवजी रस्त्याने येते.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून बॅटरी मागवता येईल का?

हो. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच आणायची, टोके झाकून. १०० वॉट-तासांपर्यंत साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. विमान कंपनीचा नियम मात्र निघण्याआधी वाचायला सांगा.

फ्रान्समध्ये लॅपटॉपला दुरुस्तीचे गुण देतात. त्यावरून इथे खरेदी करावी का?

१ जानेवारी २०२१ पासून तिथे लॅपटॉपवर दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले. मॅन्युअल मिळते का, उघडायला किती सोपे, भाग मिळतात का, त्यांची किंमत किती, आणि त्या वस्तूपुरते काही वेगळे निकष, असे पाच भाग त्यात असतात. उघडायला किती सोपे याचे गुण इथेही तितकेच खरे, कारण मशीन तेच आहे. भागांची उपलब्धता आणि किंमत यांचे गुण मात्र फ्रान्सच्या बाजाराचे आहेत, ते इथे लागू नाहीत. त्यामुळे एकूण आकडा पाहू नका, त्यातला तुमच्या कामाचा भाग पाहा.

आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. तिथे कंपन्यांची सेवा केंद्रे, वॉरंटी आणि मॅन्युअल यांची माहिती एकत्र पाहता येते.

वॉरंटी चालू असताना स्वतः उघडू का?

नको. बॅटरीची वॉरंटी बहुधा मशीनपेक्षा कमी, एकच वर्ष असते, ती संपायच्या महिनाभर आधी रिपोर्ट काढून पाहा. क्षमता फार घसरली असेल तर तेव्हाच कंपनीकडे जा.

काढलेल्या बॅटरीचे काय करायचे?

कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. घंटागाडीत दाबली गेली तर तिथेच पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून आधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा. ते जमले नाही तर नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राकडे द्या. देण्याआधी जोडणीच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा आणि बॅटरी फुगलेली असेल तर ते घेणाऱ्याला तोंडी सांगा.